भरीव अर्धगोलाचे वस्तुमान केंद्र आणि चकतीच्या जाडीचा घोळ: प्रकल्प नोंदी, सोलापूर

२ एप्रिल २०२५

बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांनी मला आणि माझ्या वर्गमित्राला एकच ओळ लिहून दिली आहे: भरीव अर्धगोलाचे वस्तुमान केंद्र पातळ चकत्यांच्या पद्धतीने काढा आणि प्रयोगाने पडताळा. उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते; सपाट पृष्ठाच्या मध्यापासून ते त्रिज्येच्या ३/८ अंतरावर, अर्धगोलाच्या अक्षावर असते. म्हणून सरांनी अट घातली आहे की उत्तर कसे चुकू शकते आणि चुकलेले कसे ओळखावे, हे नोंदींत दिसले पाहिजे.

आज फक्त मांडणी केली. अर्धगोल सपाट बाजूवर टेबलावर ठेवला आहे असे मानले आणि टेबलापासूनची उंची `z` धरली. `z` उंचीवर आडवा काप घेतला तर वर्तुळ मिळते. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याच्या त्रिज्येचा वर्ग `R² − z²` येतो. या कापाला `dz` इतकी उभी जाडी दिली की चकती तयार होते. घनता सगळीकडे सारखी असेल, तर

```
dm = ρ π (R² − z²) dz
M  = ∫ dm   = ρ π (2R³/3)
∫ z dm      = ρ π (R⁴/4)
Z  = (R⁴/4) / (2R³/3) = 3R/8
```

`z` हे ० पासून `R` पर्यंत घेतले आहे. घनता आणि पाय दोन्ही ओळींतून कटतात, म्हणून अर्धगोल लाकडाचा असो की लोखंडाचा, केंद्र तिथेच राहते. सममितीमुळे केंद्र अक्षाच्या बाजूला सरकू शकत नाही, त्यामुळे एकच संख्या काढायची उरते. पाऊण तासात काम संपले आणि प्रकल्पाची पाने कशी भरायची, अशी चिंता आम्हांला वाटू लागली.

४ एप्रिल

चिंता फार टिकली नाही. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "आता हेच `z` न वापरता कोन घेऊन करून दाखव." सपाट पृष्ठापासून वर मोजलेला कोन `θ` धरला, म्हणजे पृथ्वीवरचे अक्षांश मोजतात तसा. मग चकतीची उंची `R sin θ` आणि तिची त्रिज्या `R cos θ`. कोन `dθ` ने वाढला की गोलाच्या पृष्ठावरून आपण `R dθ` इतके पुढे सरकतो, म्हणून चकतीची जाडी `R dθ` लिहिली आणि संकलन केले.

उत्तर `4R/3π` आले, म्हणजे ०.४२४ `R`. परवाचे उत्तर ०.३७५ `R` होते. दोन्ही संकलने पुन्हा तपासली. आकडेमोडीत चूक नव्हती. वर्गमित्राचे म्हणणे पडले की `4R/3π` ही संख्या ओळखीची आहे, ती अर्धवर्तुळाकार पातळ पत्र्याच्या वस्तुमान केंद्राची आहे, म्हणजे ती अगदीच भलती नसावी. मला हे पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. ओळखीचे उत्तर आले की माणूस तपासायचे थांबतो, हे मी त्या अर्ध्या तासात स्वतःवरच पाहिले.

संध्याकाळी घरी बसून मी केंद्र बाजूला ठेवले आणि त्याच चकत्यांचे नुसते एकूण घनफळ काढले. अर्धगोलाचे घनफळ `2πR³/3`, म्हणजे सुमारे २.०९ `R³`, हे शाळेपासून ठाऊक आहे. कोनाच्या चकत्यांची बेरीज `π²R³/4`, म्हणजे २.४७ `R³` भरली. माझ्या चकत्यांत अर्धगोलापेक्षा जवळजवळ १८ टक्के माल जास्त होता. चूक चकत्यांतच आहे, केंद्राच्या सूत्रात नाही, हे इथे पक्के झाले. यापुढे कोणत्याही आकाराचे केंद्र काढताना आधी वस्तुमान काढून ते माहीत असलेल्या घनफळाशी ताडून पाहायचे, असे ठरवले.

५ एप्रिल

जास्तीचा माल कुठून आला, ते आज सापडले. त्रिज्या १० सेंमी असलेला अर्धगोल घेतला आणि एक अंश कोनाच्या दोन चकत्या काढून पाहिल्या. पायथ्याशी पृष्ठ जवळजवळ उभे असते. तिथे एक अंश सरकले की आपण पृष्ठावरून १.७५ मिमी जातो आणि उंचीही तेवढीच वाढते. पण ८० अंशांवर, शिखराजवळ, पृष्ठ जवळजवळ आडवे झालेले असते. तिथेही एक अंशात पृष्ठावरून १.७५ मिमीच सरकतो, पण उंची वाढते फक्त ०.३ मिमी. मी तिथली ०.३ मिमीची चकती १.७५ मिमी जाड धरली होती, म्हणजे जवळजवळ सहापट. वरच्या चकत्या अशा फुगल्या, त्यामुळे वस्तुमान वाढले आणि केंद्रही वर गेले.

चकतीची जाडी तिच्या दोन सपाट पृष्ठांमधील लंब अंतराइतकी असते. `z = R sin θ` यावरून ती `dz = R cos θ dθ` येते. हा `cos θ` घातला की घनफळ बरोबर `2πR³/3` भरते आणि केंद्र पुन्हा `3R/8` वर येते.

अर्धवर्तुळाच्या पत्र्याची संख्या का आली, याचाही उलगडा झाला. पत्र्याच्या आडव्या पट्टीची लांबी `2R cos θ` आणि खरी रुंदी `R cos θ dθ`, म्हणून तिचे वजन `cos² θ` च्या प्रमाणात असते. माझ्या चकतीचे क्षेत्रफळच `cos² θ` च्या प्रमाणात होते आणि मी जाडीतला `cos θ` गाळला होता. दोन वेगळ्या प्रश्नांत एकच गुणक उरला, म्हणून उत्तर एक आले. वर्गमित्राचा पत्रा असा योगायोगाने आला होता.

८ एप्रिल

सरांना हे दाखवले तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न टाकला: "मग पोकळ अर्धगोलाच्या कवचाला तू `R dθ` का घेतोस? तिथे `dz` का चालत नाही?" खरोखर, पातळ कवचाचे केंद्र काढताना कड्याची रुंदी `R dθ` च घ्यावी लागते आणि उत्तर `R/2` येते. एकाच गोलाला एकदा तिरकी रुंदी आणि एकदा उभी जाडी, असे का?

कागदावर हे नीट दिसेना, म्हणून प्रतिकृती करायला घेतली. वर्गमित्राचे घर पूर्व भागात आहे आणि शेजारच्या कारखान्यातून चादरी भरायच्या खोक्यांचे पुठ्ठे हवे तितके मिळतात. पुठ्ठा ५ मिमी जाडीचा आहे. दोन थर चिकटवले की १ सेंमीची चकती होते. त्रिज्या १० सेंमी, म्हणून दहा चकत्या. कंपासने वर्तुळ आखायला बसलो आणि पहिल्याच चकतीला अडलो. चकतीच्या तळाशी अर्धगोलाची त्रिज्या वेगळी, माथ्याशी वेगळी. पुठ्ठा मात्र सरळ कापला जातो. मग कोणती त्रिज्या घ्यायची?

तिन्ही पर्यायांची बेरीज करून पाहिली. प्रत्येक चकतीला तिच्या तळाची त्रिज्या दिली, म्हणजे पायऱ्या अर्धगोलाच्या बाहेर येतात, तर केंद्र ३.९६ सेंमीवर येते. माथ्याची त्रिज्या दिली, म्हणजे पायऱ्या आत राहतात, तर ३.५२ सेंमी. मधल्या उंचीची त्रिज्या दिली तर ३.७६ सेंमी. खरे उत्तर ३.७५ सेंमी आहे, म्हणजे मधली त्रिज्या घेतल्यास दहा जाड पुठ्ठ्यांनीही उत्तर मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतकेच चुकते. प्रतिकृती याच मापाने कापली.

बेरीज करताना एक गोष्ट नजरेत भरली. पाय बाजूला ठेवला तर बाहेरच्या पायऱ्यांचे घनफळ ७१५ आणि आतल्यांचे ६१५ आले. फरक नेमका १००. हा योगायोग नाही. आतल्या रचनेतील पहिली चकती म्हणजे बाहेरच्या रचनेतील दुसरी, आतली दुसरी म्हणजे बाहेरची तिसरी, असे सगळे जुळत जाते आणि शेवटी बाहेरच्या रचनेतील फक्त सर्वांत खालची चकती उरते. अर्धगोल या दोन रचनांच्या मध्ये अडकलेला आहे. म्हणजे पायऱ्यांमुळे होणारी घनफळाची चूक, पायऱ्या कितीही असोत, एका तळच्या चकतीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. चकती पातळ करत गेलो की तीही शून्याकडे जाते. काठाचा तिरकेपणा आपण विसरलो तरी भरीव आकारात त्याचा हिशेब आपोआप मिटतो.

कवचाचे तसे होत नाही. तिथे वस्तुमान काठातच आहे, आणि तिरक्या काठाचे उभ्या जाडीशी असलेले गुणोत्तर कापे पातळ केल्याने बदलत नाही. ८० अंशांवर ते एक अंशाच्या कापालाही जवळजवळ सहापट आहे आणि अंशाच्या शंभराव्या भागालाही तितकेच. सरांना हे पुठ्ठ्याच्या पायऱ्यांवर बोट ठेवून सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि "आता प्रयोग" असे म्हटले.

धाकट्या बहिणीने प्रतिकृती पाहून विचारले की केंद्राच्या खाली अर्धे वजन आणि वर अर्धे, असेच ना? तसे नाही. अर्धे घनफळ ०.३४७ `R` उंचीवर संपते. केंद्र त्याच्या थोडे वर आहे, कारण वरचा माल थोडा असला तरी दूर आहे. १० सेंमीच्या प्रतिकृतीत हा फरक जेमतेम ३ मिमी आहे, पण तो आहे.

११ एप्रिल

प्रयोगासाठी एकजीव, भरीव अर्धगोल हवा. पीओपी ओतून करायचे ठरवले. घरातली स्टीलची वाटी सर्वांत सोयीची वाटली, पण तिचा व्यास १० सेंमी आणि खोली ४.४ सेंमी निघाली. तोंडाचा व्यास खोलीच्या दुप्पट नसेल तर तो अर्धगोल नव्हेच. शेवटी प्लॅस्टिकचा एक कडक चेंडू शिवणीवर कापला. आतली त्रिज्या ४.९ सेंमी भरली आणि आत २४६ मिली पाणी मावले. सूत्रानेही तेवढेच येते. पीओपी पाण्यात भुरभुरत घातले, हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून साचा टेबलावर हलकेच ठोकला आणि वरचे तोंड पट्टीने सपाट ओढून घेतले.

१६ एप्रिल

प्रयोगाची कल्पना सरांची. अर्धगोल गोल बाजूने उतारावर ठेवायचा आणि त्याची सपाट बाजू किती कलते ते पाहायचे. तो स्थिर राहतो तेव्हा वस्तुमान केंद्र टेकलेल्या बिंदूच्या बरोबर उभ्या रेषेत येते. गोलाचा मध्य मात्र टेकलेल्या बिंदूपासून फळीला लंब दिशेत असतो, म्हणून तो `R sin α` इतका उताराच्या बाजूला सरकलेला असतो. केंद्राने त्याची भरपाई करायची म्हणजे अर्धगोलाने `φ` इतके कलायचे:

```
d sin φ = R sin α
```

इथे `α` हा फळीचा कोन, `φ` हा सपाट बाजूचा क्षितिजाशी कोन आणि `d` हे केंद्राचे अंतर. ६० सेंमी लांबीच्या प्लायवूडच्या फळीवर घसरू नये म्हणून पॉलिश पेपर चिकटवला. फळीचे एक टोक १०.४ सेंमी उचलले. उंची भागिले लांबी म्हणजेच `sin α`, त्यामुळे फळीचा कोन मोजावा लागत नाही. `3R/8` खरे असेल तर `φ` २७.५ अंश यायला हवा, आणि माझ्या चुकीच्या `4R/3π` ने २४.१ अंश. फरक साध्या कोनमापकाने दिसण्याजोगा आहे.

पहिल्यांदा मोबाइल सपाट बाजूवर ठेवून त्यातील कोनाचे ॲप वाचले आणि अर्धगोल तिथल्या तिथे कोलमडला. मोबाइलचे वजन त्याच्या निम्म्याहून अधिक आहे आणि ते नेमके वरच्या बाजूला पडते, हे ठेवण्याआधी सुचायला हवे होते. मग मागे ओळंबा सोडला, मोबाइल अर्धगोलाच्या उंचीवर समोर धरून फोटो काढला आणि ओळंब्याच्या संदर्भाने कोन कागदावर मोजला.

`φ` आला २५ अंश. यावरून `d` येते ०.४१ `R`.

वर्गमित्र काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर पत्रा दिसत होता.

१७ एप्रिल

रात्रभर गणित पुन्हा तपासले. ०.४१ ही संख्या दोन्ही उत्तरांच्या मध्ये आहे, पण चुकीच्या उत्तराला जास्त जवळ. सकाळी अर्धगोल हातात घेतला तेव्हा सपाट बाजू कोरडी, खडूसारखी लागली आणि गोल बाजू थंड व किंचित ओलसर. प्रयोगाआधी पाच दिवस तो साच्यातच होता. एप्रिलच्या इथल्या उन्हाने उघडी बाजू वाळवली आणि प्लॅस्टिकने खालचे पाणी आत धरून ठेवले. आमच्या सूत्रातील पहिलीच अट, घनता सर्वत्र सारखी असणे, मोडलेली होती. गोल टोकाकडे माल जड असेल तर केंद्र तिकडे सरकणारच.

संशय मोजून पाहण्याजोगा आहे. वजन केले: ३४१ ग्रॅम. मग गोल बाजू वर करून तो गच्चीवर जाळीच्या स्टँडवर ठेवला.

२५ एप्रिल

वजन रोज सायंकाळी नोंदवत गेलो. पहिल्या दोन दिवसांत झपाट्याने उतरले, मग हळूहळू, आणि गेले तीन दिवस २८७ ग्रॅमवर स्थिर आहे. म्हणजे ५४ ग्रॅम पाणी गेले. फळी त्याच १०.४ सेंमीवर ठेवून तीन वाचने घेतली: २७, २८ आणि २७.५ अंश. सरासरीने `d` येते ०.३७५ `R`.

आकडा इतका नेमका जुळला म्हणून खूश व्हायचे कारण नाही. फोटोवर कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी `d` पावणेदोन टक्क्यांनी हलते, आणि फळीची उंची १ मिमी चुकली तर आणखी एका टक्क्याने. या मापनातून फार तर ०.३६५ ते ०.३८५ असे म्हणता येते. ०.४२४ यात बसत नाही, एवढे पुरेसे आहे. दहा पुठ्ठ्यांचे ०.३७६ आणि खरे ०.३७५ यांतला फरक मात्र या फळीवर कधीच दिसणार नाही.

२६ एप्रिल

कालच्या चुकीचा हिशेब लिहिताना लक्षात आले की उतार वाढवला तर मापन सुधारते. `φ` नव्वद अंशांकडे जाऊ लागला की `sin φ` फारसा बदलत नाही, त्यामुळे कोनाच्या वाचनातील चूक उत्तरात कमी उतरते. फळी २०.५ सेंमी उचलली. `φ` ६५.५, ६६ आणि ६६.५ अंश, `d` येते ०.३७४ `R`, आणि आता अर्ध्या अंशाची चूक अर्ध्या टक्क्यालाही पोहोचत नाही.

मग कोन मोजायचाच नाही, असे ठरवून शेवटचे मापन केले. `sin φ` एकापेक्षा मोठा होऊ शकत नाही, म्हणून `sin α` ३/८ च्या पुढे गेला की अर्धगोलाला टेकून राहण्याची जागाच उरत नाही. आमच्या ६० सेंमीच्या फळीवर ही हद्द २२.५ सेंमी उंचीवर येते. `4R/3π` खरे असते तर ती २५.५ सेंमीपर्यंत गेली असती. २२ सेंमीवर अर्धगोल हलक्या हाताने सोडला तेव्हा तो थोडा डोलला आणि सपाट बाजू जवळजवळ उभी करून थांबला. २३ सेंमीवर तीनदा ठेवून पाहिला आणि तिन्ही वेळा तो गडगडत खाली गेला. तिसऱ्या वेळी फळीच्या टोकाला खाली फरशी होती; काठाचा नखाएवढा टवका उडाला, म्हणून आणखी वाचने घेतली नाहीत.